‘दोन दिवस थांबून बघू’ म्हणणाऱ्या बुकिंग डेस्कना खुले पत्र

प्रवास एजंट आणि टूर कंपन्यांच्या बुकिंग विभागातील मंडळींना,

स. न. वि. वि.

घरात कोणी अचानक आजारी पडलं किंवा गेलं, की त्या घरातून पहिला फोन तुम्हाला येतो, विमा कंपनीला नाही. त्या फोनवर तुमच्याकडून सहसा दोनपैकी एक उत्तर मिळतं: ‘बुकिंग नॉन-रिफंडेबल आहे, काही होणार नाही’ किंवा ‘घाई नको, दोन दिवस थांबून बघू.’ पहिलं उत्तर अर्धवट खरं आहे. दुसरं मायेपोटी दिलेलं असतं, पण सगळ्यात जास्त पैसे तेच बुडवतं. आम्ही प्रवास विम्याचे दावे तयार करून देण्याचं काम करतो. दावा अर्धाच मंजूर झाल्याची कागदपत्रं चाळताना पहिल्या फोननंतर वाया गेलेले दिवस वारंवार दिसतात, म्हणून हे पत्र.

सहल रद्द झाल्यावर विमा कंपनी नेमकी कोणती रक्कम भरून देते, इथून सुरुवात करू. ग्राहकाला वाटतं, बुडाले तेवढे सगळे पैसे. पण बहुतेक पॉलिस्यांत असं कलम असतं की प्रवास करता येणार नाही हे स्पष्ट झालं त्या दिवशी रद्द केलं असतं तर जेवढं शुल्क लागलं असतं तेवढंच कंपनी देईल. त्यानंतर थांबल्यामुळे वाढलेलं शुल्क ग्राहकाच्या माथी. हे कलम ‘दाव्याच्या अटी’ किंवा ‘विमाधारकाची कर्तव्यं’ अशा मथळ्याखाली मागच्या पानांत असतं. विमा विकताना ते कोणी वाचून दाखवत नाही. दावा तपासणारा मात्र पहिल्यांदा तेच पान उघडतो.

म्हणून फोन आला की बुकिंगची यादी समोर घ्या आणि तिचे दोन भाग करा. एका भागात ज्यांचं शुल्क दिवसागणिक चढतं ती बुकिंगं घाला. टूर, क्रूझ, काही भाड्याची घरं आणि गाड्या यांत येतात. निघायला ३० दिवस असताना थोडं शुल्क, १५ दिवस असताना निम्मं, शेवटच्या आठवड्यात सगळं, अशा पायऱ्या त्यांच्या करारात असतात. दुसऱ्या भागात पैसे भरले त्याच क्षणी शंभर टक्के अडकलेली बुकिंगं येतात. नॉन-रिफंडेबल दराची हॉटेलं, स्वस्त विमान तिकिटं, ठरलेल्या तारखेची प्रवेश तिकिटं ही त्यातली. पहिल्या भागाला वेळ अजिबात देऊ नका. प्रवास होणार नाही हे ठरलं की त्याच दिवशी लेखी रद्द करा आणि रद्द झाल्याची तारीख-वेळ असलेली पोच घ्या. दुसऱ्या भागात आज रद्द केलं काय आणि तीन दिवसांनी केलं काय, शुल्क तेवढंच. तिथे बोलणी करायला थोडी सवड आहे. थोडीच, कारण खोली दुसऱ्याला विकायला हॉटेलला जितके दिवस हाती राहतात तितकी त्यांची देण्याची तयारी जास्त असते.

एक हिशेब मांडतो. चौघांचं कुटुंब आहे आणि सहलीचा एकूण खर्च शंभर भाग धरला आहे. विमान तिकिटं ४०, मधल्या टप्प्यातली टूर ३०, पाच रात्रींचं हॉटेल २५, प्रवेश तिकिटं ५. सहलीला न येणाऱ्या आजीला निघण्याच्या २० दिवस आधी पक्षाघाताचा झटका आला. डॉक्टरांनी त्याच दिवशी सांगितलं की पुढचे काही आठवडे मुलाला जवळ राहावं लागेल. टूरच्या पायऱ्या अशा: १५ किंवा त्याहून जास्त दिवसांचा अवधी असेल तर निम्मं शुल्क, १४ ते ८ दिवसांत पाऊण, त्यानंतर पूर्ण.

त्याच दिवशी रद्द केलं तर टूर कंपनी १५ भाग परत देते. विमान कंपनी तिकिटाचं भाडं देत नाही, पण न वापरलेले विमानतळ कर बहुतेक ठिकाणी परत मागता येतात. ते इथे ८ धरू. हॉटेल एका रात्रीचे ५ ठेवून २० परत द्यायला राजी झालं. परत आले ४३, बुडाले ५७. पॉलिसीत माणशी एक भाग वजावट असेल तर चार वजा होऊन विमा कंपनीकडून ५३ मिळतात आणि कुटुंबाच्या खिशातून ४ जातात.

आता ‘थांबून बघू’वाला हिशेब. चौदा दिवस आशेवर काढले आणि सहा दिवस उरले असताना रद्द केलं. टूरचे सगळे ३० गेले आणि हॉटेलने नकार दिला. विमानतळ कराचे ८ तेवढे परत आले. बुडाले ९२. विमा कंपनी मात्र टूरसाठी झटक्याच्या दिवसाचं शुल्क, म्हणजे १५ धरते. विमान ३२, हॉटेल २५, प्रवेश तिकिटं ५ मिळून ७७, वजावट जाऊन ७३. खिशातून १९. चारच्या जागी एकोणीस, आणि फरकाचे पंधराच्या पंधरा भाग एका टूरच्या पायऱ्यांतून आले. हॉटेलने दिलेल्या नकाराचा कुटुंबाला काहीच फटका बसला नाही, तो विमा कंपनीने सोसला. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

‘पण माणूस बरा होईल की नाही हे पहिल्या दिवशी कसं कळणार?’ हा प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर डॉक्टरांच्या कागदात आहे. डॉक्टर म्हणाले, ‘आठवडाभर उपचार देऊन बघू, प्रवास कदाचित जमेल’, तर हे वाक्य त्या तारखेसह केस पेपरवर लिहून घ्यायला ग्राहकाला सांगा. मग तो आठवडा वैद्यकीय सल्ल्यानुसार थांबण्यात गेला असं दाखवता येतं आणि रद्द करण्याची तारीख पुढच्या तपासणीपासून मोजावी असा आग्रह धरता येतो. तोंडी आशेचा पुरावा नसतो. कागद नसेल तर तपासणारा पहिल्या ॲडमिशनचीच तारीख धरतो, आणि त्याच्या खुर्चीतून पाहिलं तर त्यात गैर काही नाही.

आता वैद्यकीय कागद. ‘अमुक आजारी आहे, प्रवास करू शकत नाही’ एवढ्या एका ओळीचा दाखला जवळजवळ निरुपयोगी असतो. दावा तपासणाऱ्याला त्यातून चार गोष्टी हव्या असतात. लक्षणं पहिल्यांदा कधी दिसली, डॉक्टरांनी प्रत्यक्ष कधी तपासलं, प्रवास करू नये असं कोणत्या तारखेला सांगितलं, आणि हा आजार किंवा त्याच्याशी जोडलेला आजार पूर्वीपासून होता का. तिसऱ्या तारखेवर सर्वात जास्त दावे अडतात. अनेक पॉलिस्यांत सहल रद्द करण्याच्या आधी किंवा निदान त्याच दिवशी डॉक्टरांनी रुग्णाला पाहिलेलं असावं लागतं. घरच्यांनी आधी सहल रद्द केली आणि आठ दिवसांनी दाखला आणायला गेले, की दाखल्यावर आजची तारीख पडते आणि कागदावर सल्ल्याआधीच निर्णय झालेला दिसतो. डॉक्टरांना मागची तारीख घालायला कधीही सांगू नका. ती खोटी कागदपत्रं ठरतात आणि त्यावरून पूर्ण दावा फेटाळला जातो. आजच्या तारखेच्या दाखल्यात ‘अमुक तारखेला तपासून प्रवास टाळण्याचा सल्ला दिला होता’ असं मूळ नोंदीच्या आधारे लिहून घेता येतं, आणि सोबत त्या दिवसाचा केस पेपर जोडायचा.

रुग्ण स्वतः प्रवासी नसेल, तर ‘प्रवासास अयोग्य’ या शब्दांना काही अर्थ उरत नाही, कारण रुग्ण प्रवासाला जाणारच नव्हता. तिथे आजार गंभीर असल्याचं, रुग्णालयात दाखल केल्याचं आणि पॉलिसी मागत असेल तर जवळच्या माणसाची उपस्थिती गरजेची असल्याचं डॉक्टरांनी लिहायला हवं. विमा कंपनीचा स्वतःचा वैद्यकीय फॉर्म असतो. डिस्चार्जच्या गडबडीत डॉक्टर भेटत नाहीत, म्हणून तो पहिल्याच दिवशी डाउनलोड करून रुग्णालयात न्यायला सांगा.

मृत्यू झाला असेल तर मृत्यूचा दाखला आणि नात्याचा पुरावा लागतो. लोक नात्याचा पुरावा विसरतात. आडनावं वेगळी असली, विशेषतः लग्न झालेल्या मुलीची किंवा सासरच्या नात्यातली, तर दावा त्यावरच थांबतो. शिवाय मृत्यूच्या दाखल्यावर कारण लिहिलेलं नसेल, तर कंपनी ते वेगळं मागते, कारण तिला आजार जुना होता का ते पाहायचं असतं. हे कागद हातात यायला वेळ लागतो, आणि लागू द्यावा. दाव्याची सूचना मात्र लगेच द्यायची. सूचना आणि कागदपत्रं या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. पहिलीसाठी पॉलिसी क्रमांक, घटनेची तारीख आणि ‘सहल रद्द करत आहोत’ एवढी ईमेल पुरते. कागद जमेपर्यंत सूचनाच न देणं, ही चूक शोकातल्या माणसांकडून होतेच. तिथे तुम्ही त्यांच्या वतीने ती ईमेल लिहून दिलीत, तर कोणत्याही सांत्वनापेक्षा उपयोगी ठरेल.

आता दोन कलमं, जी विमा विकतानाच बोलायला हवीत. पहिलं ‘जवळचे कुटुंबीय’ या व्याख्येचं. आई-वडील, जोडीदार, मुलं, भावंडं बहुतेक याद्यांत असतात. आजी-आजोबा, सासू-सासरे, आत्या, काका असतीलच असं नाही. ज्या मावशीने वाढवलं ती नात्याने जवळची असली तरी यादीत नसेल, तर दावा तिथेच संपतो, आणि मग कितीही कागद जोडले तरी उपयोग नाही. दुसरं पूर्वीच्या आजारांचं. हे कलम फक्त प्रवाशाला लागू आहे असं ग्राहक समजतो, आणि तुमच्यातलेही बरेच जण तसंच समजतात. प्रत्यक्षात अनेक पॉलिस्यांत ते घरी राहणाऱ्या नातेवाइकालाही लागू असतं. वरच्या हिशेबातल्या आजीला रक्तदाब असेल आणि झटक्याच्या महिनाभर आधी गोळीचा डोस बदलला असेल, तर कंपनी म्हणू शकते की तिची प्रकृती स्थिर नव्हती. मागचे किती दिवस बघतात हे पॉलिसीगणिक बदलतं. कुठे ६०, कुठे ९०, कुठे १८० दिवस. काही कंपन्या, पॉलिसी सहलीचे पहिले पैसे भरल्यावर ठरावीक दिवसांत घेतली तर हे कलम शिथिल करतात. निघायच्या आदल्या आठवड्यात, तिकिटांसोबत टाकून द्यायची वस्तू म्हणून विमा विकलात, तर ग्राहकाची ही सवलत तुम्हीच घालवलीत.

हा दावा टिकेल की नाही, याचा अंदाज हॉटेलशी बोलायच्या आधी घ्या. आम्हाला सगळ्यात जास्त सांगायचं आहे ते हेच. वर पाहिलं की दावा मजबूत असेल तर हॉटेलकडून मिळालेली रक्कम शेवटी विमा कंपनीच्या देण्यातून वजा होते. मग हॉटेलशी बोलायचंच कशाला? दोन कारणं. कंपनी विचारते की परतावा मागून पाहिला का, आणि तसा मागितल्याचा लेखी पुरावा नसेल तर दावा रेंगाळतो. आणि दावा कलमांत अडकण्याची शक्यता असेल, तर हॉटेल हीच पैसे मिळण्याची एकमेव जागा उरते.

यावरून व्हाउचरचा प्रश्न सुटतो. हॉटेलं आणि विमान कंपन्या रोख परत देण्याऐवजी ‘वर्षभरात कधीही वापरा’ असं क्रेडिट देऊ करतात. ग्राहकाने ते घेतलं की विमा कंपनी सहसा तेवढे पैसे परत मिळाले असं धरते. मजबूत दावा असलेल्या माणसाने अशा क्रेडिटवर आनंदाने सही केली, तर त्याने रोख रक्कम सोडून मुदत असलेला कागद घेतला. त्याला सांगा की आधी हॉटेलकडून ‘या दरात रोख परतावा मिळणार नाही’ एवढं लेखी घ्या, आणि क्रेडिट नुसतं देऊ केलं तरी रक्कम कापण्याचं कलम पॉलिसीत आहे का ते पाहा. उलट, मावशीच्या उदाहरणासारखा दावा बसतच नसेल, तर क्रेडिट नाकारण्यात शहाणपण नाही. तिथे मुदत वाढवून मागा, नाव बदलण्याची मुभा मागा आणि दराचा फरक कोण भरणार ते लिहून घ्या.

हॉटेलशी बोलताना आधी पैसे कोणाकडे आहेत ते शोधा. ग्राहकाच्या कार्ड स्टेटमेंटवर हॉटेलचं नाव असेल तर हॉटेल थेट परत करू शकतं. बुकिंग साइटचं किंवा तुमच्याच पुरवठादाराचं नाव असेल, तर हॉटेलने फोनवर दिलेला होकार हवेत विरतो. साइट म्हणते हॉटेलने परवानगी दिली पाहिजे, हॉटेल म्हणतं पैसे साइटकडे आहेत, आणि ग्राहक दोघांमध्ये आठवडाभर फिरतो. यावर उपाय एवढाच की हॉटेलच्या आरक्षण किंवा रेव्हेन्यू व्यवस्थापकाकडून बुकिंग क्रमांकासह ‘आम्ही हे शुल्क माफ करत आहोत’ अशी ईमेल मागवायची आणि तीच साइटला पुढे पाठवायची. रात्रपाळीच्या फ्रंट डेस्कला हे अधिकार नसतात, त्यांच्याशी हुज्जत घालू नका.

रद्दचं बटण दाबायच्या आधी ही विनंती पाठवा. बुकिंग जिवंत असताना तारीख बदलणं, नाव बदलणं, रात्री कमी करणं हे पर्याय सिस्टीममध्ये खुले असतात. एकदा रद्द झालं की बहुधा फक्त परताव्याची मागणी उरते. पण मुक्कामाच्या दिवसापर्यंत ताणू नका. न येणं म्हणजे नो-शो, आणि त्यात ना हॉटेलला खोली विकता येते, ना तुम्हाला रद्द केल्याचा पुरावा मिळतो. विमानाच्या बाबतीत तर जाण्याच्या फेरीला नो-शो झालं की परतीची फेरीही बहुधा आपोआप रद्द होते.

विनंती लहान असू द्या. साधारण अशी:

‘बुकिंग क्रमांक अमुक, मुक्काम अमुक ते अमुक. प्रवाशाच्या आईला अमुक तारखेला रुग्णालयात दाखल केलं आहे, त्यामुळे कुटुंब येऊ शकत नाही. दर नॉन-रिफंडेबल आहे याची कल्पना आहे. खोली आजच विक्रीला मोकळी करायला आमची तयारी आहे. एका रात्रीचं भाडं ठेवून उरलेली रक्कम परत करावी, अथवा खोली पुन्हा विकली गेल्यास तेवढ्या रात्रींचा परतावा द्यावा. दोन्ही शक्य नसल्यास तसं लेखी कळवावं, म्हणजे विमा कंपनीकडे जोडता येईल. उत्तर उद्या संध्याकाळपर्यंत मिळावं ही विनंती.’

यातलं प्रत्येक वाक्य काम करतं. दराची कल्पना असल्याचं मान्य केलं की समोरच्याला नियम वाचून दाखवायचं कारण उरत नाही. ‘पुन्हा विकली गेल्यास’ ही मागणी नाकारणं अवघड असतं, कारण त्यात हॉटेलचं काही जात नाही. मात्र ती मान्य झाली तर त्या तारखा उलटल्यावर तुम्हालाच पाठपुरावा करावा लागतो. नकारही लेखी मागितला आहे, म्हणजे उत्तर काहीही आलं तरी उपयोगाचं. हॉटेलला निदान, तपासण्यांचे अहवाल, डिस्चार्ज समरी पाठवू नका. दाखल झाल्याची तारीख असलेलं रुग्णालयाचं पत्र पुरतं, बाकी मजकूर झाकून. ते कागद फक्त विमा कंपनीसाठी आहेत.

कार्डाच्या बँकेकडे तक्रार करून पैसे उलटे फिरवण्याचा सल्ला काही एजंट देतात. अटी स्पष्ट दाखवून घेतलेल्या नॉन-रिफंडेबल बुकिंगमध्ये तो वाद सहसा हरला जातो, आणि हॉटेल चालू असलेली बोलणीही थांबवतं. हॉटेलने लेखी कबूल केलेला परतावा आलाच नाही, तर मात्र तो मार्ग योग्य आहे.

आणि दावा नाकारला गेलाच, तर ग्राहकाला ‘विमा कंपन्या अशाच असतात’ असं म्हणून परत पाठवू नका. नकाराचं पत्र मागवा, त्यात कोणत्या कलमाखाली नकार दिला आहे ते पाहा आणि तेवढ्याच कलमाला उत्तर देणारा कागद जोडून फेरविचार मागा. जुन्या आजाराचं कारण असेल तर नेहमीच्या डॉक्टरांकडून त्या ठरावीक दिवसांतल्या औषधांच्या नोंदी आणा. उशिरा रद्द केल्याचं कारण असेल तर त्या दिवसांतले केस पेपर. तरी नकार कायम राहिला, तर कंपनीच्या तक्रार विभागाचं अंतिम उत्तर लेखी घेऊन ठेवा, कारण विमा लोकपालासारख्या बाहेरच्या यंत्रणेकडे जाताना बहुधा तेच पहिलं मागितलं जातं.

तुमच्याकडून आमची मागणी दोन गोष्टींची आहे. बुकिंगच्या पुष्टीपत्रावर, ग्राहकाला शोधावं लागणार नाही अशा जागी, प्रत्येक बुकिंगपुढे तीन नोंदी छापा: पैसे कोणाकडे आहेत, रद्द शुल्काच्या पायऱ्या कोणत्या तारखांना बदलतात, आणि विमा कंपनीचा दावा कळवण्याचा ईमेल. आणि डेस्कवरच्या मंडळींना ‘थांबून बघू’ म्हणण्याआधी एकच प्रश्न विचारायला शिकवा: ‘डॉक्टरांनी लिहून काय दिलं आहे, आणि कोणत्या तारखेला?’

कळावे,
प्रवास विम्याचे दावे तयार करून देणारे आम्ही काहीजण